साथीची तीन समीकरणे आणि मॅटलॅबचा सॉल्व्हर

अवकल समीकरणांची प्रणाली सोडवण्यासाठी मॅटलॅबच्या `ode45` या सॉल्व्हरला तीन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली, कोणत्याही क्षणी प्रत्येक राशी किती वेगाने बदलते हे सांगणारे फंक्शन. दुसरी, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत उत्तर हवे तो कालावधी. तिसरी, सुरुवातीला प्रत्येक राशी किती होती ते आकडे. एवढे मिळाले की सॉल्व्हर वेळांची एक यादी आणि त्या त्या वेळच्या राशींचा तक्ता परत देतो. त्या तक्त्यावरून आलेख काढला जातो. सॉल्व्हरला बोलावणारी आज्ञा एका ओळीची आहे आणि ती सहसा चुकत नाही. चुका होतात त्या या तीन गोष्टी तयार करताना, आणि त्यांतल्या काही चुकांवर मॅटलॅब एक अक्षरही तक्रार करत नाही.

या मांडणीसाठी एक खरे आणि आटोपशीर उदाहरण उपलब्ध आहे. जानेवारी १९७८ मध्ये इंग्लंडमधील मुलांच्या एका निवासी शाळेत फ्लूची साथ आली. शाळेत ७६३ मुले होती. साथ साधारण दोन आठवडे चालली, आणि रोज किती मुले अंथरुणाला खिळून होती याचा आलेख त्याच वर्षी मार्चमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची संख्या ठरलेली, ती सगळी एकत्र राहणारी आणि आजाऱ्यांची मोजणी रोजची, त्यामुळे साथीच्या गणिताच्या पुस्तकांत हे उदाहरण पुन्हा पुन्हा येते.

समीकरणे आली कुठून

साथीच्या या गणिताचे मूळ १९२७ सालच्या एका शोधनिबंधात आहे. विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपले गणित पडताळण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते मुंबई बेटावरच्या प्लेगच्या साथीचे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात दर आठवड्याला किती माणसे दगावली, याची ती मोजणी होती. मॅकेंड्रिक यांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केले होते, त्यामुळे हिंदुस्थानातील साथी त्यांना परक्या नव्हत्या.

मूळ समीकरणे साध्या सूत्रात सुटत नाहीत. संगणक नसल्याने दोघांनी त्यांचे एक अंदाजी रूप घेतले आणि त्यातून आठवड्याच्या मृत्यूंसाठी 890 sech²(0.2t − 3.4) हे सूत्र काढले. त्यात t म्हणजे आठवडे. या सूत्रानुसार सतराव्या आठवड्यात साथ शिखरावर पोहोचते आणि त्या आठवड्यात ८९० मृत्यू होतात. आज तो अंदाज घेण्याची गरज उरलेली नाही. समीकरणे आहेत तशीच सॉल्व्हरकडे देता येतात.

शाळेच्या उदाहरणात मुलांचे तीन गट पडतात. ज्यांना अजून लागण झालेली नाही ती मुले S, जी आजारी आहेत आणि इतरांना लागण करू शकतात ती I, आणि जी यातून बाहेर पडली ती R. निरोगी आणि आजारी मुलांच्या भेटी जितक्या जास्त, तितक्या नव्या लागणी जास्त. अशा भेटींचे प्रमाण S आणि I यांच्या गुणाकारावर ठरते, असे मानले जाते. आजाऱ्यांपैकी रोज एक ठरावीक हिस्सा या गटातून बाहेर पडतो. त्यावरून तीन समीकरणे मिळतात.

```
S' = -r S I
I' =  r S I - a I
R' =  a I
```

जे. डी. मरी यांच्या गणिती जीवशास्त्रावरील पाठ्यपुस्तकात या साथीच्या आकड्यांशी जुळणाऱ्या किंमती दिल्या आहेत. त्यांनुसार r ही किंमत दर दिवशी ०.००२१८ आणि a ही सुमारे ०.४४ येते. a चा अर्थ असा की एक मुलगा सरासरी सव्वादोन दिवस लागण पसरवतो, आणि मग त्याची रवानगी R मध्ये होते. सुरुवातीला एक मुलगा आजारी आणि ७६२ निरोगी असतील, तर r गुणिले ७६२ भागिले a हे उत्तर पावणेचारच्या जवळ येते. म्हणजे पहिला आजारी मुलगा बरा होईपर्यंत जवळजवळ चार जणांना लागण करतो. ही संख्या एकपेक्षा मोठी असल्यामुळेच साथ पेटते.

फंक्शन: तीन राशी, एक स्तंभ

सॉल्व्हरला S, I, R ही नावे माहीत नसतात. त्याच्या दृष्टीने `y` नावाचा एकच स्तंभ असतो आणि त्यात एकाखाली एक अशा तीन संख्या असतात. कोणती राशी कितव्या जागी हे लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. एकदा ठरवलेला क्रम मात्र फंक्शनमध्ये, प्रारंभिक आकड्यांत आणि आलेखात तोच राहिला पाहिजे. इथे पहिली जागा S ची, दुसरी I ची आणि तिसरी R ची. `sir.m` या नावाच्या फाइलमध्ये पुढील मजकूर लिहिला जातो.

```matlab
function dy = sir(t, y, r, a)
    S = y(1);
    I = y(2);
    dy = zeros(3,1);
    dy(1) = -r*S*I;
    dy(2) =  r*S*I - a*I;
    dy(3) =  a*I;
end
```

या फंक्शनमध्ये साथीचे उत्तर कुठेच नाही. मुलांची आत्ताची विभागणी दिली की ती पुढच्या क्षणी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने बदलेल, एवढेच ते सांगते. `zeros(3,1)` ही ओळ तीन जागांचा उभा स्तंभ आधीच तयार ठेवते. ती वगळून थेट `dy(1)`, `dy(2)` असे भरत गेल्यास मॅटलॅब आडवी ओळ तयार करते. सॉल्व्हर मग फंक्शनने स्तंभ परत द्यायला हवा, अशा अर्थाचा `must return a column vector` हा संदेश देऊन थांबतो.

समीकरणांत वेळ थेट येत नाही, तरीही `t` हा पहिला घटक लिहावाच लागतो. सॉल्व्हर फंक्शनला नेहमी दोन गोष्टी पुरवतो, आधी वेळ आणि मग स्तंभ. जिथे ऋतूप्रमाणे लागणीचा वेग बदलतो अशा समीकरणांत `t` प्रत्यक्ष वापरला जातो. इथे ती जागा नुसती राखलेली असते.

अक्षरांची निवडही विचार करून झाली आहे. साथीच्या पुस्तकांत लागणीच्या दरासाठी बीटा आणि बरे होण्याच्या दरासाठी गॅमा ही ग्रीक अक्षरे सर्रास दिसतात. पण `beta` आणि `gamma` ही मॅटलॅबमधील तयार फंक्शनांची नावे आहेत. त्या नावाने आकडे साठवले तर ती फंक्शने झाकली जातात, आणि पुढे कधी त्यांची गरज पडली तर भलतेच काही घडते. `r` आणि `a` यांमुळे हा घोळ टळतो.

फंक्शन हँडल आणि त्यात गोठलेले आकडे

`sir` ला चार घटक लागतात, तर सॉल्व्हर दोनच देणार. ही दरी फंक्शन हँडलने भरली जाते.

```matlab
r = 0.00218;
a = 0.44;
f = @(t, y) sir(t, y, r, a);
```

`@` या चिन्हाचा अर्थ असा की फंक्शन आत्ता चालवायचे नसून त्याच्याकडे बोट दाखवायचे आहे. तयार पदार्थ वाढणे वेगळे आणि त्याची कृती लिहून देणे वेगळे. सॉल्व्हरला कृती हवी असते, कारण तो ती स्वतः शेकडो वेळा करून पाहणार असतो. `@` विसरून `ode45(sir, ...)` असे लिहिले तर मॅटलॅब तिथल्या तिथे `sir` चालवायला जाते, त्याला एकही घटक मिळत नाही, आणि `Not enough input arguments` हा संदेश येतो.

वरच्या तिसऱ्या ओळीत `@` नंतरच्या कंसात `t` आणि `y` आहेत. या दोन जागा सॉल्व्हर भरेल. `r` आणि `a` यांच्या किंमती मात्र ही ओळ चालली त्या क्षणी हँडलमध्ये गोठतात. पुढे `r` बदलला तरी `f` मधला जुना आकडा तसाच राहतो. समजा, मुलांना वेगळे ठेवून लागणीचा दर निम्मा केला तर काय होईल हे पाहायचे आहे. `r = 0.00109` असे लिहून थेट `ode45` पुन्हा चालवला, तर आलेख पहिल्यासारखाच येतो. कोणताही इशारा येत नाही, आणि मुलांना वेगळे ठेवण्याचा काही उपयोग नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. `r` बदलल्यावर `f` ची ओळ पुन्हा चालवणे हाच त्यावरचा उपाय आहे. वेगवेगळ्या किंमतींसाठी आवर्तन लावले असेल तर ही ओळ आवर्तनाच्या आत असावी लागते.

लहान प्रणालींसाठी वेगळी फाइल न करता तिन्ही समीकरणे हँडलमध्येच लिहिता येतात. चौकटी कंसात अर्धविरामांनी वेगळी केलेली तीन पदे लिहिली की उभा स्तंभ मिळतो. त्यात एक बारीक सापळा आहे. चौकटी कंसात रिकामी जागा हीदेखील दोन संख्यांमधली सीमा मानली जाते. `r*y(1)*y(2) -a*y(2)` असे वजाच्या आधी जागा सोडून आणि नंतर न सोडता लिहिले, तर मॅटलॅब त्यातून एक वजाबाकी न करता दोन स्वतंत्र संख्या वाचते. वजाच्या दोन्ही बाजूंना जागा ठेवावी किंवा कुठेच ठेवू नये.

सॉल्व्हरकडे जाण्यापूर्वी हँडल एकदा हाताने तपासून पाहता येते.

```matlab
y0 = [762; 1; 0];
f(0, y0)
```

यावर −१.६६१२, १.२२१२ आणि ०.४४०० असे तीन आकडे एकाखाली एक यायला हवेत. पहिला आकडा म्हणजे ०.००२१८ गुणिले ७६२, ऋण चिन्हासह. तिसरा म्हणजे एका आजारी मुलामागे बरे होण्याचा दर. दुसऱ्यात या दोन्हींचा हिशोब येतो. तिघांची बेरीज शून्य होते, कारण शाळेत कोणी नवे येत नाही आणि शाळेतून कोणी जात नाही. स्तंभ आडवा आला, एखादे चिन्ह उलटे पडले किंवा घटकांचा क्रम चुकला, तर ते या एका ओळीत दिसते.

कालावधी

```matlab
tspan = [0 14];
[t, y] = ode45(f, tspan, y0);
```

`tspan` मध्ये दोन आकडे दिले की सॉल्व्हर ० पासून १४ पर्यंत जातो आणि वाटेत कुठे किती थांबायचे ते स्वतः ठरवतो. प्रत्येक पावलावर तो दोन उत्तरे काढतो, एक चौथ्या आणि एक पाचव्या कोटीच्या अचूकतेचे. `ode45` या नावातले ४ आणि ५ इथून आले आहेत. डॉर्मंड आणि प्रिन्स यांनी १९८० मध्ये ही जोडी मांडली. दोन उत्तरांमधला फरक ठरलेल्या मर्यादेत असला तर पाऊल पक्के होते, नाहीतर ते रद्द करून लहान पाऊल टाकले जाते. साथ भडकत असताना पावले आखडतात, आणि ती ओसरत आली की लांबतात.

`tspan` मधल्या आकड्यांना स्वतःचे एकक नसते. `r` आणि `a` दर दिवसाचे आहेत, म्हणून १४ म्हणजे चौदा दिवस. कोणी तासांचा विचार करून `[0 336]` लिहिले तर सॉल्व्हर निमूटपणे ३३६ दिवसांचे उत्तर देतो. आलेखात सगळी साथ डाव्या कडेला चिकटलेल्या एका सुळक्यासारखी दिसते आणि उरलेली रेघ सपाट. असा आलेख आला की आधी एककांकडे पाहावे.

कालावधी अपुरा पडला तर फसगत अधिक होते. दर निम्मा करण्याचे वरचे उदाहरण या वेळी `f` नव्याने तयार करून चालवले, तर चौदाव्या दिवशी आजाऱ्यांची रेघ अजून चढतीच असते. तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा विचारला तर मॅटलॅब शेवटच्या ओळीतला आकडा देते, आणि तो शंभराच्या आत असतो. खरे शिखर सोळाव्या दिवसाच्या सुमारास येते आणि ते १०३ च्या आसपास असते. मंद साथ लांबते, त्यामुळे तिच्यासाठी `[0 60]` सारखा मोठा कालावधी द्यावा लागतो. कमाल किंमत शेवटच्याच ओळीत सापडली, तर ते साथीचे शिखर नसून कालावधीची कड असण्याची शक्यता जास्त.

रोजच्या नोंदींशी तुलना करायची असेल तर `tspan = 0:14` असे लिहून ०, १, २ असे पंधरा क्षण मागता येतात. त्यामुळे सॉल्व्हर दिवसाला एकच पाऊल टाकतो असे नाही. त्याची आतली पावले अचूकतेच्या हिशोबानेच पडतात, फक्त उत्तर मागितलेल्या क्षणांचे परत येते. असा आलेख मात्र कोपरे असलेल्या रेघांचा दिसतो, कारण पंधराच बिंदू सरळ रेषांनी जोडलेले असतात. तो खडबडीतपणा काढलेल्या चित्राचा असतो, उत्तराचा नव्हे.

आलेख

सॉल्व्हरने परत दिलेला `t` हा वेळांचा स्तंभ असतो. `y` हा तक्ता असतो. त्यातली प्रत्येक आडवी ओळ एका क्षणाची आणि प्रत्येक उभा स्तंभ एका राशीचा. म्हणून `y(:,2)` म्हणजे सर्व क्षणांची आजारी मुलांची संख्या. फंक्शनच्या आत `y(2)` ही एकच संख्या होती. बाहेर आल्यावर `y(2)` लिहिले तर तक्त्याच्या पहिल्या स्तंभातला दुसरा आकडा मिळतो, म्हणजे निरोगी मुलांचा. नवशिक्यांच्या आलेखात वारंवार दिसणारी ही चूक एका अपूर्णविरामाने टळते.

```matlab
plot(t, y(:,1), '-', t, y(:,2), '--', t, y(:,3), ':')
xlabel('t')
ylabel('N')
legend('S', 'I', 'R')
grid on
```

नुसते `plot(t, y)` लिहिले तरी तिन्ही रेघा येतात. वरच्या पद्धतीत प्रत्येक रेघेची जात वेगळी ठेवता येते, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या छपाईतही त्या ओळखता येतात. `legend` मधली नावे मात्र मॅटलॅब तपासत नाही. ती रेघांच्या क्रमानेच लिहावी लागतात, नाहीतर आजाऱ्यांच्या रेघेवर बऱ्या झालेल्यांचे नाव लागते.

आलेखात S ची रेघ ७६२ वरून निघते, पहिले दोन-तीन दिवस जेमतेम खाली येते आणि मग कोसळते. I ची रेघ टेकडीसारखी वर जाऊन उतरते. R ची रेघ सुरुवातीला तळाशी रेंगाळते आणि नंतर चढत जाऊन वर सपाट होऊ लागते. शिखर नेमके कुठे आहे हे असे काढता येते.

```matlab
[Imax, k] = max(y(:,2));
t(k)
```

`Imax` साधारण २९३ येतो आणि त्याची वेळ सहाव्या व सातव्या दिवसांच्या दरम्यान, ६.४ च्या आसपास. सॉल्व्हरचे बिंदू शिखराच्या नेमक्या टोकावर पडतीलच असे नाही, म्हणून शेवटच्या अंकात थोडा फरक राहतो. `0:14` मागितले असेल तर सर्वांत मोठा आकडा सहाव्या दिवसाचा निघतो आणि तो २९३ च्या थोडा खाली असतो.

उत्तर बरोबर आहे हे कसे कळते

आलेख सुरेख आला म्हणजे उत्तर बरोबर असे होत नाही. या प्रणालीसाठी तपासण्याचे तीन मार्ग आहेत, आणि प्रत्येक मार्ग वेगळी चूक पकडतो.

पहिला मार्ग बेरजेचा. तक्त्याच्या प्रत्येक ओळीतल्या तीन संख्यांची बेरीज ७६३ भरली पाहिजे. `max(abs(sum(y,2) - 763))` या आज्ञेचे उत्तर शून्याच्या अगदी जवळ असावे. एखादे चिन्ह चुकले किंवा एखादे पद गळले तर बेरीज ढळते. पण बेरीज जुळली म्हणून सॉल्व्हर अचूक ठरत नाही. अशा साध्या बेरजा `ode45` ची पद्धत प्रत्येक पावलाला आपोआप जपते, पाऊल कितीही ओबडधोबड असले तरी. ही तपासणी समीकरणांच्या लेखनाची आहे, अचूकतेची नाही.

अचूकतेसाठी दुसरा मार्ग वापरला जातो. `ode45` मध्ये न सांगता ठरलेली सापेक्ष चुकीची मर्यादा एक हजारांश असते आणि निरपेक्ष मर्यादा दहा लाखांश. त्या आवळून तोच प्रश्न पुन्हा सोडवला जातो.

```matlab
opt = odeset('RelTol', 1e-6, 'AbsTol', 1e-8);
[t2, y2] = ode45(f, tspan, y0, opt);
```

दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले आणि रेघा वेगळ्या दिसल्या नाहीत, तर मूळ मर्यादा पुरेशी होती. रेघा फाकल्या तर आवळलेल्या मर्यादेचे उत्तर घ्यावे आणि ती आणखी आवळून पुन्हा पाहावे.

तिसरा मार्ग गणिताचा. ही समीकरणे वेळेच्या संदर्भात साध्या सूत्रात सुटत नसली, तरी शिखराची उंची कागदावर काढता येते. S ची किंमत a/r इतकी, म्हणजे सुमारे २०२ झाली की आजाऱ्यांची संख्या वाढायची थांबते. त्या क्षणी

Imax = 763 − a/r − (a/r) ln(762 r/a)

हे सूत्र लागू होते, आणि आकडे घातले की २९३ मिळतात. सॉल्व्हरचे उत्तर याच्याशी जुळते. याच गणितातून असेही निघते की साथ पूर्ण ओसरल्यावर १९ मुले लागणीवाचून राहतात. चौदाव्या दिवशी मात्र प्रारूपानुसार वीस-पंचवीस मुले अजून आजारी असतात, म्हणून हा १९ चा आकडा आलेखात पाहायचा तर कालावधी `[0 30]` पर्यंत वाढवावा लागतो.

सॉल्व्हरच्या मर्यादा आणि समीकरणांच्या मर्यादा

`ode45` सगळीकडे चालत नाही. प्रणालीतली एक राशी क्षणार्धात स्थिरावते आणि दुसरी तासन्‌तास बदलत राहते, असे काही रासायनिक अभिक्रियांत घडते. तिथे `ode45` ला वेगवान राशीपायी अखेरपर्यंत बारीक पावले टाकावी लागतात आणि गणना रखडते. रेघ सपाट दिसत असूनही `t` मध्ये हजारो ओळी असणे ही त्याची खूण आहे. अशा वेळी आज्ञेत फक्त नाव बदलून `ode15s` वापरला जातो. फंक्शन, हँडल, कालावधी आणि प्रारंभिक आकडे आहेत तसेच राहतात. शाळेच्या साथीत दोन्ही दर दिवसांच्याच मापाचे असल्याने ही अडचण येत नाही.

दुसरी मर्यादा सॉल्व्हरच्या आवाक्याबाहेरची आहे. प्रारूपाप्रमाणे या शाळेत एकूण ७४४ मुलांना लागण व्हायला हवी. प्रत्यक्षात ५१२ मुले आजारी पडल्याची नोंद आहे. शिखराच्या सुमारास अंथरुणात असलेल्या मुलांची संख्या मात्र तीनशेच्या जवळ होती आणि ती आलेखाशी चांगली जुळते. यात विसंगती वाटते, पण तिचे कारण शोधता येते. प्रारूपातला I म्हणजे लागण पसरवणारी मुले, आणि नोंदवहीत आहेत अंथरुणाला खिळलेली मुले. हे दोन गट एकच आहेत असे धरून r आणि a निवडले गेले. नोंदींनुसार एक मुलगा तीन ते सात दिवस वर्गाबाहेर होता, तर प्रारूपातला मुलगा सव्वादोन दिवसांतच I मधून बाहेर पडतो. एका वेळी तीनशे मुले दाखवायची तर मुले लवकर बाहेर पडणाऱ्या प्रारूपाला एकूण लागणी जास्त दाखवाव्या लागतात.

मुंबईच्या आकड्यांबाबतही अशीच अडचण होती. माणसांमधला प्लेग हा उंदरांमधल्या प्लेगची छाया असतो आणि पिसवा तो पसरवतात, हे कर्मॅक आणि मॅकेंड्रिक जाणून होते. आपली गृहीतके तिथे काटेकोरपणे लागू होत नाहीत, हेही त्यांनी निबंधात नमूद केले. त्यांच्या सूत्राची रेघ आकड्यांवर बरोबर बसली, पण त्यामुळे उंदीर आणि पिसवा समीकरणांत आल्या नाहीत.

मर्यादा कितीही आवळल्या किंवा सॉल्व्हर बदलला तरी ७४४ चे ५१२ होणार नाहीत. `ode45` दिलेल्या समीकरणांचे उत्तर काढतो. ती समीकरणे त्या शाळेची आहेत की नाहीत, हे नोंदवहीतल्या आकड्यांशी ताडून पाहण्याचे काम ती लिहिणाऱ्याचे आहे.